फोकस मोड मीच लावते आणि मीच काढते

"ताई, मी लातूरला होस्टेलवर राहून नीट रिपीट करतेय. सकाळी क्लास, दुपारपासून रात्रीपर्यंत सेल्फ स्टडी. फोनमध्ये फोकस मोड लावून इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप बंद ठेवलंय. पण क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, डाउट्सचे व्हिडिओ यूट्यूबवर असतात आणि पप्पा रात्री व्हॉट्सॲपवरच कॉल करतात. मग पाच मिनिटांचा ब्रेक घेऊन पीडीएफ उघडते आणि अर्ध्या तासाने बघते तर रील्स चालू असतात. आता तर क्रोममधून यूट्यूब बघायला लागलेय. फक्त अभ्यासाचीच ॲप चालू राहतील असं काही करता येतं का? की माझ्यातच जिद्द कमी आहे?"
— एक रिपीटर, लातूर

जिद्दीचा विषय आपण बाजूला ठेवू. आधी ते ब्रेकचं बटण नीट समजून घे, कारण तुझी दुपार तिथेच फुटते आहे. फोकस मोडमधलं Take a break तू दाबतेस ते एका पीडीएफसाठी. पण ते बटण एकट्या व्हॉट्सॲपला सोडत नाही. यादीतली सगळी ॲप एकदम मोकळी करतं. इन्स्टाचं करडं झालेलं चिन्ह पुन्हा रंगीत होतं, दुपारभर अडवून धरलेली नोटिफिकेशन्स दिसायला लागतात, आणि हे सगळं अशा क्षणी होतं जेव्हा फोन तुझ्या हातात आहे आणि पुस्तक बाजूला ठेवलेलं आहे. अशा वेळी पाच मिनिटांत परत येणं कुणालाही जड जाईल. म्हणून ब्रेक लवकर कसा संपवायचा हे शिकण्यापेक्षा तो घ्यायचं कारणच काढून टाकू. तुझी कारणं तीन आहेत आणि तिन्हींना वेगवेगळा उपाय आहे.

नोट्सपासून सुरुवात करते. मी अभ्यासिका चालवते. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची हीच अडचण असते आणि तिची सोडवणूक फोनमध्येच असते. ग्रुपवर आलेली पीडीएफ तू एकदा डाउनलोड केलीस की ती फाइल फोनच्या मेमरीत उतरते. ती वाचायला व्हॉट्सॲप उघडावं लागत नाही. फोनमधलं Files ॲप उघड आणि या फोल्डरपर्यंत जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents
```

आजवर तू डाउनलोड केलेल्या सगळ्या पीडीएफ इथे सापडतील. सरांनी पाठवलेले फळ्याचे फोटो शेजारच्या WhatsApp Images मध्ये असतात. फोकस मोड व्हॉट्सॲपला थांबवतो, या फाइल्सना नाही. व्हॉट्सॲप करडं असतानाही त्या उघडतात.

आता रोजचं करायचं असं. मेसचं जेवण झालं की पावणेदोनला ग्रुप उघड, आज आलेलं जे असेल त्याच्यावर बोट ठेवून डाउनलोड होऊ दे आणि फाइल एकदा उघडून खात्री करून घे. नुसतं नाव दिसतं आणि फाइल उतरलेलीच नसते असं बरेचदा होतं. मग अडीचला ती उघडत नाही आणि तू पुन्हा ब्रेक घेतेस. खात्री झाली की त्या फाइल्स Files मधूनच विषयाच्या फोल्डरमध्ये हलव, भौतिक, रसायन, जीव असे तीन पुरेत. फाइलची नावं आकड्यांची आणि विचित्र असतात, तीही तेव्हाच बदल. 'रोटेशनल मोशन शीट ४' असं नाव असलं की शोधताना भटकायला होत नाही. आणि जी शीट सोडवायची आहे, तिची सरळ झेरॉक्स काढ. गणितं स्क्रीनवरून वहीत उतरवत बसायचं म्हणजे दर ओळीला फोनकडे बघायचं, आणि तो प्रत्येक वेळी पुन्हा अनलॉक करायचा.

दोननंतर ग्रुपवर काही आलं तर? येऊ दे. संध्याकाळी पाचला ते तिथेच असेल. अगदी तातडीचं, म्हणजे उद्याच्या टेस्टची वेळ बदलली वगैरे, तर रूममेट सांगते किंवा क्लासचा फोन येतो. ग्रुपवरच्या शंभर मेसेजेसमध्ये तुझ्या कामाचे दोन असतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरं पप्पांच्या कॉलचं. अँड्रॉइडमध्ये एखादं ॲप थांबवलं की त्याला रिंग वाजवता येत नाही. म्हणजे फोकस मोड चालू असताना पप्पा व्हॉट्सॲपवर कॉल करत राहतील, तिकडे त्यांना रिंग गेल्यासारखी वाटेल आणि तुझा फोन गप्प राहील. होस्टेलवरची मुलगी फोन उचलत नाही म्हटल्यावर घरचे किती घाबरतात! ती वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नकोस. फोन लावायचं जे मूळचं ॲप असतं, ते फोकस मोडला थांबवता येत नाही. त्यामुळे साधा कॉल नेहमी येतो. पप्पांना आजच सांग की सोमवार ते शनिवार साधा फोन करा, व्हिडिओ कॉल रविवारी करू. गावाकडे रेंज नसते म्हणून ते वायफायवरून व्हॉट्सॲप कॉल करत असतील, तर ठरलेल्या वेळी, मेसमधून परतल्यावर, तूच मोड बंद करून त्यांना कॉल कर आणि बोलणं झालं की पुन्हा लाव. एक मात्र बघ. फोकस मोडसोबत तू Do Not Disturb पण लावत असशील तर साधी रिंगही दबते. त्याच्या सेटिंगमध्ये आई-पप्पांचे नंबर स्टार करून त्यांना परवानगी देऊन ठेव. तिथे पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्यांसाठीही एक सोय आहे, तीही चालू कर. मग एकाच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर रिंग वाजते.

यूट्यूबचं जरा अवघड आहे, कारण तिथे शिकवणं आणि करमणूक एकाच पडद्यावर शेजारी शेजारी असतात. फोकस मोडला त्यातला फरक कळत नाही. त्याला ॲप कळतं, ॲपच्या आत काय चाललंय ते कळत नाही. म्हणून अभ्यासाच्या तासांत यूट्यूब पूर्ण बंद आणि व्हिडिओंसाठी वेगळी वेळ, एवढाच मार्ग उरतो. डाउट आला की लगेच व्हिडिओ लावायची सवय मोड. वहीच्या शेवटच्या पानावर डाउट लिही, पण नुसतं 'टॉर्क' असं नाही. 'घरंगळणाऱ्या गोळ्यावर घर्षणाची दिशा वर का?' असा पूर्ण प्रश्न लिही. तीन तासांत असे पाच-सहा जमतील. त्यातले एक-दोन पुढची गणितं करताना आपोआप सुटतात, काही मैत्रीण सांगते, आणि खरोखर व्हिडिओ लागणारे जे उरतील ते पाच ते सहाच्या तासात एकापाठोपाठ बघ. प्रश्न पूर्ण लिहिलेला असला की शोधही नेमका होतो आणि उत्तर मिळालं की व्हिडिओ बंद करता येतो.

त्या तासातही होमपेज ओढून नेऊ नये म्हणून यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन वॉच हिस्टरी बंद कर आणि जुनी पुसून टाक. 2023च्या ऑगस्टपासून यूट्यूबने असं केलंय की हिस्टरी बंद आणि मागचंही काही नसेल तर होमपेज रिकामं दिसतं, वर फक्त शोधायची जागा. पहिल्यांदा ते ओकंबोकं वाटेल. पण 'घर्षणाची दिशा' शोधायला आलेली मुलगी तेच शोधून बाहेर पडते.

आता क्रोमचं. आपल्या फोनमधला फोकस मोड चालतो तो 'नको असलेल्यां'च्या यादीवर. तू टिक केलेली ॲप थांबतात, टिक न केलेली सगळी चालू राहतात. त्यामुळे यूट्यूब थांबलं तरी यूट्यूबची वेबसाइट थांबत नाही, इन्स्टाचीही नाही. आणि अभ्यास सुरू असताना नवीन टाकलेलं एखादं गेम त्या यादीत नसतंच. तर Settings मध्ये Digital Wellbeing & parental controls, त्यात Focus mode उघड आणि यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघ. क्रोमला टिक कर. फोन कंपनीने स्वतःचं ब्राउझर दिलेलं असतं, त्यालाही कर. गूगलचं जे शोधायचं ॲप असतं, ज्याची पट्टी होम स्क्रीनवर असते, त्यातूनही वेबसाइट उघडतात, म्हणून तेही. शॉपिंगची ॲप, क्रिकेटचा स्कोअर, बातम्या, आणि फोटो गॅलरीसुद्धा. गॅलरीत दहावीच्या सहलीचे फोटो बघत बसलेली मुलं मी कितीतरी पाहिली आहेत. तुझी टेस्ट सिरीज ब्राउझरमध्येच उघडत असेल, तर फायरफॉक्ससारखं एखादं दुसरं ब्राउझर फक्त तेवढ्यासाठी ठेव, त्यात टेस्टच्या साइटखेरीज कशातही लॉग-इन करू नकोस.

यादी उलटी करता येते का, म्हणजे निवडलेलीच चालू आणि बाकी सगळी बंद? अँड्रॉइडच्या साध्या फोकस मोडमध्ये नाही. पण तुला हवं ते जवळजवळ देणारी एक गोष्ट फोनमध्येच असते, App pinning नावाची. ती एका वेळी एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवते. सेटिंगच्या शोधात pin लिही, सापडेल. ती चालू करताना Ask for PIN before unpinning हेही चालू कर. मग Files मधून शीट उघड, अलीकडे वापरलेली ॲप दिसतात तो पडदा काढ, वरच्या छोट्या चिन्हावर टॅप करून Pin निवड. आता त्या पीडीएफमधून बाहेर पडायचं तर पिन नंबर टाकावा लागतो, आणि वरून नोटिफिकेशनची पट्टीही खाली ओढता येत नाही. स्क्रीनवरूनच वाचायचा धडा असेल, एनसीईआरटीचं जीवशास्त्र वगैरे, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. पप्पांच्या फोनच्या वेळी मात्र पिन काढून ठेव.

वेळांचं सांगते. फोकस मोडला एकच वेळापत्रक बसतं, त्याची सुरुवात, शेवट आणि वार. Set a schedule मध्ये दुपारी दोन ते पाच टाक, सोमवार ते शनिवार. दोन ते पाचच का? नीटचा पेपर त्याच वेळेला असतो, तीन तासांत 180 प्रश्न. जेवणानंतर डोळे जड होण्याची ती वेळ, आणि नेमक्या त्या वेळी डोकं चालवायची सवय शरीराला लागावी म्हणून. शिवाय ही तुझी सगळ्यात कच्ची वेळ आहे, झोप आली की हात फोनकडे जातो. म्हणून या तासांत मोड तुझ्या हाताने सुरू व्हायला नको, घड्याळाने सुरू होऊ दे.

संध्याकाळी सहाला अभ्यासाला बसताना Turn on now दाब आणि तो रात्री पावणेअकरापर्यंत काढूच नकोस, साडेआठच्या मेसच्या वेळीही नाही. पप्पांशी बोलायला लागलाच तर तेवढा अपवाद. माझ्या अनुभवात रात्रीचा अभ्यास बुडतो तो जेवणाच्या ताटाशेजारी. एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात रील, मग खोलीत येऊन 'हे एवढं संपवते', आणि दहा वाजतात. जेवताना मोड चालू असला तर तू शेजारच्या मुलीशी बोलशील, आणि जेवून उठशील तेव्हा खरंच उठलेली असशील.

ब्रेक मात्र घ्यायचाच, फक्त तो फोनमधला घ्यायचा नाही. दर पन्नास मिनिटांनी उठ, पाणी पी, गच्चीवर एक फेरी मार. फोन टेबलावरच राहू दे. वेळ बघायला हातावर घड्याळ बांध. 'किती वाजले' बघायला उचललेला फोन कितीदा लवकर खाली ठेवला जातो ते आठव.

राहिलं इन्स्टा. फोकस मोडला पासवर्ड नसतो. जो लावतो तोच काढू शकतो, हे तुझ्या पत्रातच आहे. म्हणून इन्स्टा यादीत ठेवण्यावर मी विसंबणार नाही. ॲप फोनमधून काढ. अकाउंट तसंच राहतं, फोटो, मेसेज कशालाही धक्का लागत नाही. रविवारी दुपारी हवं तर टाक आणि रात्री पुन्हा काढ. मधल्या वारी हात गेलाच तर डाउनलोड करायला आणि पासवर्ड आठवायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात आपण काय करतोय ते लक्षात येतं. पुन्हा टाकलंस तेव्हा फोकस मोडच्या यादीत त्याच्यावर टिक आहे ना, ते बघून घे.

अभ्यासिकेतल्या एका मुलाचं सांगते. त्याने हे सगळं केलं आणि तरी आठवड्याने म्हणाला, काही फरक नाही. आम्ही त्याचा फोन उघडून Digital Wellbeing मधला डॅशबोर्ड बघितला. यूट्यूब शून्य, इन्स्टा शून्य, आणि टेलिग्राम दुपारी रोज पाऊण तास. नोट्सच्या नावाखाली त्याने टेलिग्रामचे चॅनल जोडले होते आणि ते त्याने यादीत घातलंच नव्हतं, कारण त्याच्या मते ते 'अभ्यासाचं' होतं. त्याला स्वतःलाही ते आकडे बघेपर्यंत खरं वाटत नव्हतं. तुझ्याही बाबतीत असं एखादं ॲप निघेल. ते शोधायचं कसं, तर रविवारी त्याच डॅशबोर्डमध्ये जा. तिथे प्रत्येक ॲप किती वेळ वापरलं तेच नव्हे, तर किती वेळा उघडलं तेही दिसतं, आणि ॲपवर टॅप केलं की तासांनुसार पट्ट्या दिसतात. दोन ते पाचच्या तासांत ज्या ॲपची पट्टी उंच, ते पुढच्या आठवड्यात यादीत. 'किती वेळा उघडलं' हा आकडा जास्त बोलका असतो. चाळीस वेळा उघडलेलं घड्याळाचं ॲप म्हणजे चाळीस वेळा तुटलेलं लक्ष.

तुझ्यासोबत आयफोन वापरणारं कुणी असेल तर त्यांना सांग की त्यातला फोकस नोटिफिकेशन अडवतो, ॲप उघडायला काहीच अडवत नाही. त्यांनी Settings मध्ये Screen Time, त्यात Downtime लावायचं आणि Always Allowed मध्ये निवडलेली ॲप ठेवायची. ती खरोखर 'निवडलेलीच चालू' यादी असते, आणि तिचा पासकोड रूममेटकडून टाकून घेता येतो. नववी-दहावीतल्या मुलांचे पालकही हे वाचत असतात. अँड्रॉइडवर त्यांच्यासाठी Family Link मध्ये School time आहे, तिथेही चालू ठेवायची ॲप पालक निवडतात. पण मुलाला न सांगता ते लावू नका. यादी त्याच्याशेजारी बसून करा, कारण क्लासच्या नोट्स कुठल्या ॲपवर येतात ते त्यालाच माहीत असतं.

तुला आज रात्री फक्त दोन कामं आहेत. पप्पांशी बोलून घे, आणि WhatsApp Documents मधल्या पीडीएफ तीन फोल्डरमध्ये लाव. साठलेल्या पुष्कळ असतील, तासभर जाईल. बाकीचं उद्या पावणेदोनला. पहिल्या रविवारी दोन ते पाचच्या पट्ट्यांमध्ये काय निघालं ते मला लिही, त्या ॲपचं काय करायचं ते मग बघू.